फुगलेला किंवा चेपलेला अन्नाचा डबा उघडावा का?

लक्ष्मीपुरीतून आणलेले दोन डबे आमच्या फडताळात मेपासून पडून होते, एक मशरूमचा आणि एक अननसाच्या फोडींचा. पाऊस सुरू झाल्यावर पाहिले, तर मशरूमच्या डब्याच्या काठाला पोचा होता आणि दोन्ही डब्यांची झाकणे वर आली होती.

डबा प्रथम डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून पाहावा. डबाबंद करताना अन्न गरम असते आणि ते थंड झाल्यावर आत हवेचा दाब कमी होतो, म्हणून चांगल्या डब्याचे झाकण सपाट किंवा किंचित आत ओढलेले दिसते. झाकण उघडपणे फुगलेले असेल, तर ते दाबूनही पाहू नये. सपाट दिसणारे झाकण मात्र अंगठ्याने दाबावे. ते टक्कन आत जाऊन परत वर आले किंवा दुसऱ्या बाजूचे झाकण बाहेर आले, तर आत वायू साठू लागला आहे असे समजावे.

हा वायू कुठून येतो, हे पदार्थावर अवलंबून असते. मशरूम, मका, मटण यांसारख्या कमी आंबट पदार्थांत बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणारा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, कारण त्याला हवा नको असते आणि त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. म्हणूनच कारखान्यात असे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. अननस आंबट असल्यामुळे त्यात हा जिवाणू सहसा वाढत नाही. तिथे फळातील आम्ल पत्र्याशी क्रिया करून हायड्रोजन तयार करते आणि डबा तेवढ्यानेही फुगतो. पण कोणता वायू आहे हे बाहेरून कळत नाही, आणि चाखून पाहणे तर सर्वांत घातक, कारण हे विष चवीला जाणवेलच असे नाही. त्यामुळे दोन्ही डबे न उघडताच टाकले.

पोच्याचा विचार वेगळा करावा. मधल्या पत्र्यावरचा उथळ, गोलसर पोचा चालतो. मात्र तो झाकणाच्या दुमडलेल्या काठावर किंवा उभ्या जोडावर असेल, अथवा बोट मावेल इतका खोल किंवा टोकदार असेल, तर डबा वापरू नये, कारण जोड किंचित सुटला तरी तिथून जिवाणू आत शिरतात. पुसून जाणारा गंज चालतो. पत्र्यात खड्डे पाडणारा चालत नाही.

टाकायचा डबा एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून, मुले आणि जनावरे पोहोचणार नाहीत अशा रीतीने घंटागाडीत द्यावा. तो गळला असेल, तर हातमोजे घालून ती जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावी. डबा फुगलेला नसतानाही त्यात विष असू शकते, म्हणून उघडताच पाणी उसळले किंवा वास बिघडलेला आला, तरी अन्न टाकावे. कुणी ते खाल्ले असेल आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत त्याला एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि डब्यातले काय खाल्ले हे डॉक्टरांना सांगावे.