जुना व्हिडिओ, जुनी पोस्ट काढायची कशी? नववीच्या वर्गात सांगितलेलं

मुलांनो, आज फळ्यावर फारसं लिहिणार नाही. इंटरनेटवरच्या आपल्या पाऊलखुणा आणि त्या पुसायच्या कशा, एवढंच बोलूया. एका मुलीचं उदाहरण घेतो. तिने सांगायला परवानगी दिली आहे. नाव विचारू नका, ती आता या शाळेत नाही.

लॉकडाऊनमध्ये ती दहा वर्षांची होती. बाबांच्या मोबाईलवरून तिने यूट्यूबवर चॅनल काढलं आणि चौदा व्हिडिओ टाकले. कुठे केक, कुठे नाच, आणि एका व्हिडिओत गणवेश घालून सोसायटीच्या गेटपासून घरापर्यंतचा सगळा रस्ता. पाच वर्षांनी वर्गातल्या कोणाला तरी ते सापडलं आणि दोन दिवसांत तिच्या चेहऱ्याचे व्हॉट्सॲप स्टिकर फिरू लागले. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, सगळं उडवायचंय." मी म्हटलं, उडवू, पण आधी बघू काय काय आहे ते.

पहिलं काम शोधायचं. ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा. नेहमीच्या खिडकीत गूगल तुम्हाला ओळखतं आणि त्यानुसार निकाल दाखवतं. परक्या माणसाला काय दिसतं ते आपल्याला बघायचं आहे. आता आपलं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं वर येतात. मग नावापुढे शाळा किंवा गाव जोडून बघा. शेवटी जुनी टोपणनावं टाका. ही पायरी बहुतेक जण विसरतात. गेममध्ये, इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर आपण एकच युजरनेम वापरतो, त्यामुळे एक सापडलं की बाकीची आपोआप सापडतात. तिचं चॅनलही असंच सापडलं होतं. जे मिळेल त्याची लिंक वहीत उतरवा. पुढे प्रत्येक अर्जात ती लागते.

दुसरं, खात्यात शिरायचं. खरी अडचण इथेच येते. चॅनल बाबांच्या जुन्या जीमेलवर होतं, पासवर्ड कोणाला आठवत नव्हता आणि त्या खात्याला जोडलेलं सिम बंद झालेलं. तिने मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून accounts.google.com/signin/recovery वर चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा नकार आला. गूगल अशा वेळी ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा बघतं. म्हणून हा प्रयत्न घरातून, घरच्या वायफायवरून, पूर्वी ते खातं जिथे वापरलं होतं त्याच फोनवर करायचा. बाबांचा जुना फोन कपाटात होता, बॅटरी मेलेली. चार्जरला लावून तासाभराने तो सुरू झाला, आणि त्यात खातं अजून उघडंच होतं! लॉगआऊट कोणी केलंच नव्हतं.

मध्येच एक सांगतो. तिची आई म्हणत होती, "वापरत नाही ना आपण, जाईल ते आपोआप." गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं हे खरं आहे. पण हा नियम आणला तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, की ज्या खात्यांत यूट्यूबचे व्हिडिओ आहेत ती काढायचा तूर्त विचार नाही. त्यामुळे वाट बघून उपयोग नाही.

तिसरं, आधी झाकायचं, मग काढायचं. studio.youtube.com मध्ये Content उघडून आम्ही चौदाही व्हिडिओंचं Visibility बदलून Private केलं. त्याच क्षणी लिंक असलेल्यालाही ते दिसेनासे झाले. Unlisted निवडू नका. त्याने व्हिडिओ शोधात येत नाही, पण लिंक हाती असलेला कोणीही बघू शकतो, आणि आपल्या बाबतीत लिंक वर्गभर पोचलेली होती. Private केल्यावर घाई संपते, शांतपणे ठरवता येतं. यूट्यूबवर Delete forever म्हणजे खरंच कायमचं, परत मिळत नाही. तिने आधी सगळे व्हिडिओ डाउनलोड करून घेतले, मग गणवेश, गेट आणि घर दिसणारे पाच काढले. आजीबरोबर मोदक करतानाचा एक तिने Private ठेवला. ठेवू दे की.

इन्स्टाग्रामवर रीत थोडी वेगळी आहे. तिथे Your activity मध्ये गेलात की जुन्या पोस्ट एकत्र निवडता येतात. Archive केलं की पोस्ट फक्त लपते. Delete केलेली पोस्ट ३० दिवस Recently deleted मध्ये पडून राहते. लगेच घालवायची असेल तर तिथे जाऊन पुन्हा एकदा काढावी लागते.

आणि कमेंट! दुसऱ्यांच्या व्हिडिओंखाली लिहिलेलं आपण विसरून जातो. तिने एका गेमच्या व्हिडिओखाली "मला ॲड करा" म्हणून बाबांचा नंबर दिला होता. संगणकावर यूट्यूबच्या History पानावर Comments असा दुवा असतो, तिथे स्वतःच्या सगळ्या कमेंट दिसतात.

चौथं, गूगलच्या शोधातून घालवायचं. व्हिडिओ काढला तरी काही दिवस शोधात त्याचं नाव आणि छोटं चित्र दिसत राहतं. गूगल हा आरसा आहे, पण जरा उशिरा बदलणारा. त्याला हलवायला Refresh Outdated Content नावाचं पान आहे. तिथे लिंक द्यायची. मूळ ठिकाणाहून गोष्ट गेली असेल किंवा बदलली असेल तरच हा अर्ज चालतो, म्हणून आधी काढा आणि मग अर्ज करा.

मूळ गोष्ट दुसऱ्याने टाकली असेल आणि तो ऐकत नसेल, तर दोन वाटा आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो शोधनिकालांतून काढायची विनंती गूगलकडे करता येते. तुम्ही करा किंवा पालकांनी करावी. फोटो त्या साइटवर राहतोच, फक्त गूगलमधून जातो. व्हिडिओ यूट्यूबवर असेल तर तिथे गोपनीयतेची तक्रार करा. टाकणाऱ्याला साधारण ४८ तासांची मुदत मिळते, मग यूट्यूब स्वतः ठरवतं. तुम्ही त्या व्हिडिओत ओळखू येता हे त्यांना पटलं पाहिजे, म्हणून कितव्या सेकंदाला दिसता ते लिहा.

कोणी कपड्यांशिवायचा फोटो पसरवत असेल किंवा त्यावरून धमकावत असेल, तर यातलं काहीच करत बसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, मोठ्यांना सांगा, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० किंवा मुलांच्या मदतीच्या १०९८ ला फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

पाचवं, तपासायचं. आठवड्याने पुन्हा इन्कॉग्निटो उघडा आणि वहीतल्या लिंक एकेक करून बघा. तिच्या यादीतल्या सगळ्या लिंक मेल्या होत्या.

स्टिकर मात्र गेले नाहीत. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी मेसेज काढता येतो, पण फक्त पाठवणाऱ्याला, किंवा ग्रुप असेल तर ॲडमिनला, आणि तोही जेमतेम अडीच दिवसांत. शिवाय समोरच्याने स्टिकर जतन केला असेल तर तो त्याच्याकडे राहतोच. मी ते बनवणाऱ्या दोघांना बोलावलं. त्यांनी फोनमधून माझ्यासमोर काढले. बाकी किती जणांकडे असतील ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि मी तिला तसंच सांगितलं.

मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, "सर, फोटो आईनेच टाकला असेल तर?" आईला "सगळे काढ" म्हणू नका, ती ऐकणार नाही. तिच्याजवळ बसून तोच एक फोटो दाखवा, त्यात मागे शाळेची पाटी कशी वाचता येते ते झूम करून दाखवा. पूर्ण काढायला ती तयार नसेल, तर फेसबुकवर त्या पोस्टच्या तीन ठिपक्यांत Edit audience असतं, तिथे Only me करायला सांगा. फोटो तिच्याकडे राहतो आणि तुमचं काम होतं.