बांबूच्या दुरडीची विक्रीसाठीची माहिती कशी लिहावी

बचत गटाच्या किंवा बुरूड कारागिराच्या वस्तू ऑनलाइन विकायला ठेवल्या की खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "हाताने विणलेली, टिकाऊ, पर्यावरणपूरक दुरडी." ती वाचून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. बोटात कूस जाईल का, कांदे भरून उचलली तर कडी निसटेल का, पावसाळ्यात काळी पडेल का आणि फोटोत दिसते त्याच रंगाची येईल का, हे त्याचे खरे प्रश्न असतात. या चारही प्रश्नांची उत्तरं बरीचशी एकाच गोष्टीवर ठरतात: दुरडीला कामटी कुठली वापरली आहे, सालीकडची की आतली. म्हणून लिहायला बसण्याआधी दुरडी उजेडात न्या आणि उलटी करून बघा.

आधी कामटी ओळखा

बांबूचं पेर उभं चिरून कामट्या काढताना पहिली निघते ती सालीची. एका बाजूने ती चकचकीत असते आणि नखाने ओरखडली तरी सहसा उठत नाही. तिच्या आतल्या कामट्या फिक्या, मऊ आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या. बांबूचे चिवट धागे सालीजवळ दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. आतल्या भागात कीड ओढून घेणारा पिष्टमय अंशही जास्त सापडतो.

चांगला कारागीर बूड, काठ आणि उभ्या कामट्यांना साल वापरतो आणि आडवी वीण आतल्या कामटीने भरतो. यात फसवणूक काही नाही. सगळी दुरडी सालीची केली तर बांबू जास्त लागतो आणि किंमत वाढते. पण कुठे काय आहे हे लिहिलं पाहिजे. बांबू कोणता, हेही कारागिरालाच विचारा. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातला मानवेल कोरड्या जागी जवळजवळ भरीव वाढतो आणि त्याची कामटी जाड निघते. पोकळ बांबूची दुरडी त्यापेक्षा हलकी होते.

दुरडीला 'केन' किंवा 'वेत' मात्र म्हणू नका. वेत ही निराळी वेल आहे, आतून भरीव, आणि आपल्याकडे ती बाहेरूनच येते. वेताच्या खुर्चीच्या जाळीला मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तडे जातात, म्हणून तिला अधूनमधून खालून ओलसर फडकं फिरवावं लागतं. बांबूच्या दुरडीला हीच सूचना दिलीत तर तिचं नुकसान होईल.

फिनिश: हात फिरवून, मग लिहून

जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा दुरडीच्या आतून, बाहेरून आणि विशेषतः काठाच्या बांधणीवरून फिरवा. जिथे धागा अडकला तिथे कूस आहे. ती बारीक पॉलिश पेपरने काढता येते. कारागीर दुरडी ज्योतीवरून झरकन फिरवूनही उभी राहिलेली कुसळं जाळतात. हे केल्यावर कुठे कुठे फिकट तपकिरी डाग राहतात. तो दोष नाही, पण माहितीत तसं लिहिलं नाही तर गिऱ्हाईक "जळकी आली" म्हणून परत पाठवेल.

पुढे वर काय लावलं आहे ते सांगा: काहीच नाही, तेल, वॉर्निश, रंग की मेथ्या आणि कागदाच्या लगद्याचं सारवण. सालीच्या मेणचट बाजूवर वॉर्निश नीट धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. म्हणून "पूर्ण वॉर्निश" लिहिण्याआधी साल खरवडली होती का, हे विचारून घ्या. गुलाबी-हिरव्या पट्ट्यांची दुरडी असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने पट्टी जोरात पुसा. फडक्याला रंग लागला तर "रंग सुटतो, ओल्या वस्तू ठेवू नयेत" हे वाक्य वरच्या दोन ओळींतच आलं पाहिजे. सारवलेल्या दुरडीबाबतही तसंच, ती धुता येत नाही.

वजन: अंदाज नको, ज्वारी भरा

"मजबूत" हा शब्द सोडून द्या आणि आकडा द्या. तो काढायला घरचा वजनकाटा आणि ज्वारी पुरते. ज्वारी बुडावर सारखी पसरते म्हणून ती बरी.

समजा, दुरडी 16 इंच व्यासाची, 8 इंच उंच आणि दोन कड्यांची आहे. एक मजबूत आडवी काठी दोन्ही कड्यांतून घालून दुरडी अधांतरी टांगा. बुडाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. मग 5 किलो ज्वारी भरा, काही तासांनी अंतर मोजा, ज्वारी काढा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर 10 किलो, मग 15, प्रत्येक वेळी तसंच.

आपल्या दुरडीचं असं झालं असं धरू: 5 किलोला काही फरक नाही. 10 किलोला बूड अर्धा सेंटिमीटर खाली आलं, पण रिकामी करताच परत जागेवर गेलं. 15 किलोला कडीच्या बांधणीतून करकर आवाज आला आणि रिकामी केल्यावरही बूड अर्धा सेंटिमीटर खालीच राहिलं. म्हणजे 10 किलोपर्यंत दुरडी सावरते आणि 15 ला कायमची वाकते. माहितीत मात्र 10 लिहू नका. माणूस दुरडी उचलतो तेव्हा झटका बसतो आणि एका कडीवर जास्त भार येतो. म्हणून मी उचलण्यासाठी 6 किलो आणि जमिनीवर ठेवून वापरण्यासाठी 10 किलो असे दोन वेगळे आकडे देईन. येळवशीला शेतात जेवण घेऊन जाणाऱ्या घरात पहिला आकडाच कामाचा.

दुरडीत बांबू मोडून वस्तू निकामी होणं तसं कमीच घडतं. आधी सुटते ती कडीची आणि काठाची बांधणी. म्हणून चाचणीत लक्ष बुडाइतकंच बांधणीवर ठेवा आणि तिचा एक जवळून काढलेला फोटो द्या. बांधणी सालीच्या कामटीची आहे, सुतळीची आहे की तारेची, तेही लिहा. तारेची बांधणी ओलीत गंजते आणि फिकट बांबूवर तांबूस डाग उतरवते.

हाताने केलेल्या दोन दुरड्या सारख्या नसतात. एका खेपेतल्या दोन-तीन तपासा आणि सर्वांत कमी आलेला आकडा लिहा. 15 किलोला वाकलेली दुरडी नवी म्हणून विकू नका. आणि हा आकडा पसरलेल्या वजनाचा आहे, खलबत्त्यासारखी एका जागी दाबणारी वस्तू तितक्याच वजनाची असली तरी वीण सरकवते, हेही एका वाक्यात सांगा.

ओल: विणण्यापासून पाठवण्यापर्यंत

कामटी वळावी म्हणून विणताना ती भिजवतात. तशीच ओली दुरडी पाठवली तर वाळल्यावर कामट्या आखडतात, रुंदीला जास्त आणि लांबीला अगदी थोड्या, आणि वीण ढिली पडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार लवकर दिसतं. दुरडी वाळली की नाही, हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. ती सावलीत, वाऱ्याला ठेवा आणि रोज एकाच वेळी वजन करा. सलग तीन दिवस वजन तेच भरलं की पाठवायला हरकत नाही. पावसाळ्यात याला बराच वेळ लागतो, म्हणून त्या महिन्यांत पोचवण्याची मुदत मोठी द्या.

पॅकिंग कागदात आणि खोक्यात करा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली दुरडी जुलैत मुंबईला किंवा कोकणात पोचेपर्यंत आतल्या दमटपणाने बुरशी धरू शकते.

किडीसाठी बांबूवर काय केलं, हे गिऱ्हाईक विचारतंच. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात कामट्या बुडवल्या असतील तर तसं लिहा, आणि त्यासोबत हेही लिहा की हे क्षार पाण्यात विरघळतात. सारखी धुतली तर दुरडीची प्रक्रिया निघून जाते, आणि ओलं अन्न तिच्यात थेट ठेवू नये. भाकरीसाठी विकायची दुरडी प्रक्रिया न केलेलीच ठेवा. प्रक्रिया नसलेल्या दुरडीची खात्री अशी करा: काळ्या कागदावर ती हलकेच आपटा. पिठासारखी भुकटी पडली आणि कामटीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर आत भुंगा आहे, तो नग बाजूला काढा आणि बाकीच्या दुरड्यांपासून लांब ठेवा.

रंग: एक नाही, दोन फोटो

ताजी साल हिरवट असते, उन्हा-उजेडात पिवळी पडते आणि वर्षानुवर्षं वापरून तपकिरीकडे झुकते. आतली कामटी आधीपासूनच फिकी. त्यामुळे एकाच दुरडीत दोन-तीन छटा येतात आणि पेराच्या गाठीजवळ पट्टा गडद दिसतो. फोटो सकाळी सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा. बल्बखाली पिवळा दिसणारा फोटो देऊ नका. त्याच कारागिराची वापरलेली जुनी दुरडी मिळाली तर नवीन शेजारी ठेवून एक फोटो घ्या. रंग पुढे कसा बदलेल, हे त्यातून लिहिण्यापेक्षा लवकर कळतं.

काळे ठिपके मात्र "नैसर्गिक छटा" या नावाखाली खपवू नका. ओल्या फडक्याने पुसल्यावर ठिपका निघाला किंवा फडकं काळसर झालं तर ती बुरशी. बांबूचा स्वतःचा डाग पुसून जात नाही आणि त्याला कुबट वासही नसतो.

सगळं जोडून

वरच्या दुरडीची माहिती अशी होईल:

"बांबूची दुरडी, दोन कड्या. व्यास 16 इंच, उंची 8 इंच, हाताने विणल्यामुळे अर्धा इंच इकडेतिकडे. बांबू मानवेल. बूड, काठ आणि उभ्या कामट्या सालीच्या, आडवी वीण आतल्या कामटीची. कुसळं ज्योतीवर काढली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी फिकट तपकिरी डाग. वॉर्निश, रंग किंवा कीडनाशक प्रक्रिया नाही. कडीची बांधणी सालीच्या कामटीची. पसरलेलं वजन उचलून 6 किलोपर्यंत, जमिनीवर ठेवून 10 किलोपर्यंत. कोरड्या फडक्याने पुसा. भिजली तर सावलीत पूर्ण वाळवून मगच भरा. पावसाळ्यात भिंतीला टेकवून किंवा बंद कपाटात ठेवू नका. रंग हिरवट-पिवळा, छटा प्रत्येक नगात वेगळी, उजेडात हळूहळू पिवळा होईल. बुरशी किंवा भुकटी आढळली तर नग बदलून देऊ."

शेवटची ओळ लिहिण्याआधी कारागिराशी बोला आणि बदलीचा खर्च कोण सोसणार, हे ठरवा. दुरडी ओली असतानाच घाईने पाठवली गेली असेल तर तो भुर्दंड विणणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही.