‘ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल’: सही करण्यापूर्वी आणि हप्ते थांबल्यावर काय करावे

सबव्हेन्शन योजनेत कर्ज तुमच्या नावावर निघते, बँक त्याची मोठी रक्कम बांधकामापुढे धावत बिल्डरला देऊन टाकते आणि ताब्यापर्यंतचे व्याज भरण्याचे बिल्डर कबूल करतो. म्हणून सर्वप्रथम बिल्डरकडून त्याच सदनिकेचे दोन भाव लेखी घ्यावेत, एक या योजनेचा आणि दुसरा बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे देण्याचा.

समजा, पुण्यात टप्प्यांचा भाव ७५ लाख आणि योजनेचा ८० लाख आहे, कर्ज ८० टक्के, व्याज ९ टक्के आणि ताबा मिळायला दोन वर्षे. योजनेत ६४ लाख सुरुवातीलाच उचलले गेले, तर बिल्डर दरमहा ४८,००० रुपये भरतो, आणि हा आकडा जाहिरातीत फार देखणा दिसतो. टप्प्यांच्या पद्धतीत मात्र ६० लाख हळूहळू उचलले जातात. सरासरी शिल्लक ३० लाख धरली, तर तुमचे एकूण व्याज सुमारे ५.४० लाख होते. म्हणजे ५ लाख जादा मोजून तुम्ही हे ५.४० लाखांचे व्याज टाळले, निव्वळ बचत फक्त ४० हजार. पण त्या जादा ५ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ५ टक्के जीएसटी, मिळून ६० हजार लागतात, शिवाय वाढीव ४ लाखांच्या कर्जाचे व्याज पुढे वर्षानुवर्षे चालते. फुकट हप्त्याचे पैसे अखेर तुमच्याच खिशातून गेले.

यानंतर बँक, बिल्डर आणि तुम्ही यांच्यातील त्रिपक्षीय करार वाचावा. बिल्डरने कसूर केली तरी परतफेडीची जबाबदारी कर्जदाराचीच, असे कलम त्यात बहुधा असते. बिल्डरची हमी ठरावीक महिन्यांपुरती आहे की प्रत्यक्ष ताब्यापर्यंत, हेही पाहावे; बांधकाम रखडते तेव्हा हा फरक महागात पडतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच कर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्यास सांगितले होते, तर राष्ट्रीय आवास बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्याचा सल्ला दिला.

बिल्डरने हप्ता चुकवला की बँकेचा संदेश तुम्हाला येतो आणि सिबिलची नोंदही तुमचीच बिघडते. थकबाकी ९० दिवसांपुढे गेली, की खाते अनुत्पादक ठरते. त्यामुळे कर्जखात्याचा उतारा दरमहा पाहावा. पहिलाच हप्ता चुकल्यास बिल्डरला नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवून प्रत बँकेला द्यावी, आणि झेपत असेल तर लेखी हरकत नोंदवून हप्ता स्वतः भरावा. ती रक्कम करारानुसार बिल्डरकडून मागता येते. ताब्याची तारीख उलटली असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार विलंबाचे व्याज किंवा प्रकल्पातून बाहेर पडून सव्याज परतावा मागण्याची तक्रार महारेराकडे करता येते. मात्र महारेराचा आदेश आला तरी वसुलीला वेळ लागतो आणि बँक त्यासाठी थांबत नाही.

दिल्ली परिसरातील अशाच खरेदीदारांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची सीबीआय चौकशी करवली. तुमच्या प्रकल्पात बांधकाम न होताच कर्ज वितरित झाले असेल, तर प्रत्येक वितरणाची तारीख आणि त्या वेळच्या बांधकामाची छायाचित्रे जपून ठेवावीत.