भांडवल मर्यादित असताना प्रकल्प निवडताना या चुका टाळा

प्रकल्पांची यादी अंतर्गत परतावा दराच्या, म्हणजे आयआरआरच्या, उतरत्या क्रमाने लावायची आणि पैसे संपेपर्यंत वरून एकेक उचलत जायचे, ही चूक मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात सर्वाधिक वेळा पाहिली आहे.

भोसरीतील एका कारखान्याकडे एक कोटी रुपये होते आणि भांडवलाच्या खर्चाचा दर 12 टक्के धरला होता. पहिल्या मशीनला 60 लाख लागणार होते आणि त्यातून पाच वर्षे दरसाल साडेएकवीस लाख मिळणार होते. दुसऱ्या प्रकल्पात 50 लाख घालून दहा वर्षे दरसाल 11 लाख, तर तिसऱ्यात तेवढेच घालून पाच वर्षे दरसाल 17 लाख येणार होते. आयआरआर अनुक्रमे सुमारे 23, 18 आणि 21 टक्के निघाला. मालकांनी पहिले मशीन घेतले. "साहेब, तेवीस टक्के सोडून अठराच्या मागे कोण लागेल?" असे त्यांनी मला विचारले. उरलेल्या 40 लाखांत दुसरे काहीच बसत नव्हते, त्यामुळे ते मुदत ठेवीत गेले.

निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे 12 टक्के दराने आजच्या किमतीत आणलेल्या आवकीतून गुंतवणूक वजा केल्यावर उरते ती रक्कम. पहिल्या मशीनचे हे मूल्य सुमारे साडेसतरा लाख होते. दुसऱ्याचे सव्वाबारा आणि तिसऱ्याचे सव्वाअकरा लाखांच्या आसपास होते, म्हणजे हे दोन मिळून एक कोटीत नेमके बसले असते आणि सुमारे साडेतेवीस लाख मूल्य देऊन गेले असते. आयआरआरला प्रकल्पाचा आकार कळत नाही आणि तो किती वर्षे चालेल याचेही मोल नीट कळत नाही. म्हणूनच सारख्याच 50 लाखांचे दोन प्रकल्प तुलनेला ठेवले, तर तो कमी मूल्याच्या तिसऱ्याला वर चढवतो.

नफाक्षमता निर्देशांक, म्हणजे भविष्यातील रोख आवकीचे वर्तमान मूल्य भागिले गुंतवणूक, आयआरआरची वर्षांबाबतची चूक सुधारतो. येथे तो अनुक्रमे 1.29, 1.24 आणि 1.23 येतो. पण पहिला क्रमांक तोही त्याच मशीनला देतो. प्रकल्पाचा हवा तेवढा भाग घेता येत असेल तरच या क्रमावर विसंबावे. अर्धे मशीन कोणी विकत नाही. घाईत असलेले नवशिके येथेच थांबतात. मी मात्र मर्यादेत बसणाऱ्या सर्व जोड्या कागदावर मांडतो आणि ज्या जोडीचे एकूण निव्वळ वर्तमान मूल्य सर्वांत जास्त येते तीच निवडतो. आठ-दहा प्रकल्पांपर्यंत एक्सेलमध्ये हे सहज होते.

निव्वळ वर्तमान मूल्याचे एक्सेलमधील NPV हे सूत्र पहिली रक्कम वर्षअखेरीची समजते, म्हणून आजची गुंतवणूक (B2 मध्ये, उणे चिन्हासह) कंसाबाहेर ठेवावी:

```
=NPV(12%,B3:B7)+B2
```

खेळते भांडवल गुंतवणुकीत धरायला विसरू नये.

मध्येच मोठ्या दुरुस्तीचा खर्च येऊन रोख प्रवाहाचे चिन्ह पुन्हा बदलत असेल, तर आयआरआरची दोन उत्तरे निघू शकतात. अशा प्रकल्पाला मी त्या दराने तोलतच नाही. आणि पुढच्या वर्षीही पैशांची मर्यादा असेल, तर केवळ आजच्या गुंतवणुकीने भागलेला निर्देशांक पुरत नाही. तेव्हा दोन्ही वर्षांच्या मर्यादा पाळणाऱ्या जोड्याच तपासाव्या लागतात.