हातची चामडी चप्पल ओळखावी कशी: आधी तळवा पाहा

विदर्भातल्या आठवडी बाजारात चपलांचे ढीग लागतात, पण हातचा माल बहुधा त्या ढिगात नसतो. बाजाराच्या कडेला पोत्यावर रापी, आरी अन् ऐरण मांडून बसलेला कारागीर शोधा. दुरुस्तीला बसलेला माणूस बरेचदा नवी जोडीही करून देतो. तो नसेल करत, तर कोण करतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

जोडी हातात आली की आधी उलटी करा. वरचा पट्टा खऱ्या चामड्याचा अन् तळ नकली, असा माल सर्रास विकला जातो. तळव्याची कापलेली कड नखाने खरवडा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू सुटतात, थरही थोडे कमीजास्त दिसतात. नकली तळाची कड गुळगुळीत, एकसंध असते, किंवा रंगाखाली पुठ्ठा लपलेला असतो. कड जाड रंगाने झाकलेली असेल तर मी ती जोडी घेतच नाही.

मग शिलाई बघा. हातची शिलाई तळात रुतलेली असते अन् टाके एकसारखे नसतात. साच्यातल्या तळावर टाक्यांची नुसती नक्षी उठवलेली असते. नख घातलं तर दोरा हाताला लागतच नाही. शेवटी तळव्याच्या कोऱ्या, न रंगवलेल्या जागी पाण्याचा थेंब टाका. बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं थेंब हळूहळू पितं आणि तिथं काळसर डाग उमटतो. रेक्झिनवरून तो घरंगळून जातो. मेण किंवा तेल लावलेल्या चामड्यावरही थेंब थांबतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. कड अन् शिलाई जास्त खरं सांगतात.

टायरचा तळ दिसला म्हणून मात्र जोडी नकली समजू नका. काळ्या मातीच्या चिखलात चामडी तळ फुगतो, कुजतो, म्हणून वावरात जाणारे लोक मुद्दाम टायर लावून घेतात. असा तळ रापीने कापलेला असतो, खाली टायरची नक्षी दिसते आणि तो शिवून किंवा खिळे ठोकून बसवलेला असतो. पट्टा चामड्याचा असला तर ही अस्सल हातची चप्पल आहे.

दुकानदार ‘कोल्हापुरी’ म्हणाला तर माल कुठून आला ते विचारा. त्या नावाचं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे एवढ्यांनाच आहे. आपल्याकडच्या कारागिराची जोडी त्यात बसत नाही, पण म्हणून ती हलकी ठरत नाही.

जोडी सांगून करून घ्यायची असेल तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांचं माप कागदावर आखून द्या. पट्टा किंचित घट्टच ठेवायला सांगा, कारण चामडं वापरून सैल होतं. पावसाळ्यात चामडं नीट वाळत नाही, तेव्हा काम दिवाळीनंतर सांगा.