बिलाचा प्रिंटर कोरी पावती काढतोय? आधी नख, मग कापूस, मग ड्रायव्हर

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका मसाल्याच्या दुकानातून संध्याकाळी फोन आला. काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग, प्रिंटर नेहमीसारखा आवाज करतोय, कटरही चालतोय, पण पावती पांढरीफटक. मालक म्हणाले, "शाई संपली असेल, येताना घेऊन या."

थर्मल प्रिंटरला शाई नसतेच. रोलच्या एका बाजूला उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि हेडवरचे बारीक बिंदू तापून त्यावर अक्षरे उमटवतात. साधारण प्रिंटरमध्ये एका मिलिमीटरला असे आठ बिंदू असतात. त्यामुळे कागद सरकतोय पण काहीच उमटत नाही, तेव्हा पहिला संशय कागदावर घ्यायचा.

मी फोनवरच विचारले, "रोल कधी बदलला?" "आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी." मग त्यांना कागदावर नखाने जोरात एक रेघ ओढायला सांगितली. घर्षणाच्या उष्णतेने लेपाच्या बाजूला करडी-काळी रेघ उठते, दुसरी बाजू कोरीच राहते. त्यांच्या रोलला रेघ आतल्या बाजूने उठली. बहुतेक रोलना लेप बाहेरून असतो, हा उलटा गुंडाळलेला निघाला. रोल फिरवून बसवला आणि पावती छापून आली. कुठल्याच बाजूला रेघ उठली नाही तर तो साधा कागद आहे, दुकानदाराला परत करा. रोल कसा बसवायचा त्याचे चित्र बऱ्याच प्रिंटरच्या झाकणाच्या आत असते, ते एकदा नीट बघून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो, कारण पावतीवर वरपासून खालपर्यंत दोन पांढऱ्या उभ्या रेघा होत्या आणि रकमेतला एक आकडा त्यात गायब होत होता. अशी रेघ दिसली की हेडवर घाण बसली आहे असे समजा. प्रिंटर बंद करून वायर काढली, हेड गार होऊ दिले आणि झाकण उघडले. रबरी रोलरच्या समोर एक अरुंद, चकचकीत पट्टी दिसते, तेच हेड. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती पट्टीवरून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवली. काडी हळदीने पिवळीधमक झाली. दळलेल्या हळदीची धूळ हेडवर बसून तापून चिकटली होती. चार काड्या लागल्या, पाचवी स्वच्छ निघाली. रबरी रोलरही पुसला, दोन-तीन मिनिटे सुकू दिले आणि मग वायर लावली.

इथे एक कळकळीचे सांगणे आहे. ब्लेड, पिन, पॉलिश पेपर हेडला लावू नका, बोटही लावू नका. सॅनिटायझरही नको, त्यातले ग्लिसरीन चिकटून राहते. खरवडून खराब केलेले हेड दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते.

आता तपासणी. प्रिंटर बंद करा, FEED बटण दाबून धरा आणि तसेच धरून चालू करा. बहुतेक प्रिंटर संगणकाशिवाय स्वतःची चाचणी-पावती छापतात. ती कोरी आली तर झाकण दोन्ही बाजूंनी टक् आवाज करून बसले आहे का आणि अडॅप्टर त्याच प्रिंटरचा आहे का ते बघा. सारखाच पिन असलेला कमी व्होल्टचा अडॅप्टर लावला की कागद सरकतो, पण हेड पुरते तापत नाही. एवढे करूनही एखादी रेघ त्याच जागी राहिली तर तो बिंदू जळालेला आहे. नवे हेड आणि नवा प्रिंटर, दोन्हींचा भाव विचारूनच ठरवा.

चाचणी-पावती स्वच्छ आली आणि बिल मात्र कोरे, तर दोष प्रिंटरात नाही, संगणकात आहे. याच दुकानात काही महिन्यांनी नवा संगणक आला आणि फूटभर लांब कोऱ्या पावत्या निघू लागल्या. Printing preferences उघडल्यावर कागद A4 निवडलेला दिसला. A4 ची रुंदी 210 मिमी, रोल 80 मिमीचा आणि त्यावर छापता येण्याजोगी जागा साधारण 72 मिमी. पानाच्या मधोमध छापायचा मजकूर रोलच्या बाहेर जात होता आणि 297 मिमी लांबीचे पान मात्र पूर्ण सरकत होते. तिथे 80 मिमीचा रोल निवडला, मग Printer properties मधून Print Test Page दाबले. ते छापून आले आणि त्यानंतर बिलही. टेस्ट पेज छापले जाते पण बिल येत नाही, असे झाले तर बिलिंग सॉफ्टवेअरच्या आतला कागदाचा आकारही बदला, तो तिथे वेगळा ठरवलेला असतो.

आकडे येतात पण मालाची मराठी नावेच गायब किंवा प्रश्नचिन्हे? Generic / Text Only हा ड्रायव्हर काढून प्रिंटरच्या कंपनीचा टाका. बहुतेक प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत देवनागरी नसते, कंपनीचा ड्रायव्हर ती चित्र म्हणून पाठवतो.