पीबीएल घेताय? मग ट्यूटर म्हणून या चुका टाळा

२०१९ पासून एमबीबीएसला नवीन कॉम्पिटन्सी-बेस्ड अभ्यासक्रम आला, स्मॉल ग्रुप टीचिंगचे तास वाढले, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातल्याच काही तासांना पीबीएल, म्हणजे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणायला लागले. यात एका पेशंटच्या केसवरून पोरांनी स्वतःच प्रश्न काढायचे आणि उत्तरं शोधायची. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत १९६९ ला सुरू झाली, पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तने तिला सात पायऱ्यांत बसवलं. आपण मात्र नाव बदलतो आणि करतो लेक्चरच, फक्त पोरं गोल बसलेली असतात.

एक केस घेऊ. १७ वर्षांचा मुलगा, महिनाभरात वजन उतरलंय, सारखी तहान, सारखी लघवी, दोन दिवस उलट्या आणि पोटात दुखतंय. श्वास खोल आणि जोरात चाललाय पण छाती स्टेथोने एकदम क्लिअर. शुगर ४८०, लघवीत कीटोन्स, रक्ताचा पीएच ७.१, पोटॅशियम ५.८.

पहिली गडबड दहाव्या मिनिटालाच होते. कुणीतरी हुशार "सर, डीकेए, डायबेटिक कीटोॲसिडोसिस!" म्हणतो, सर "व्हेरी गुड" म्हणतात आणि झालं, बाकीची पोरं पेन खाली ठेवतात. अहो, डायग्नोसिस हे उत्तर नाहीये इथे, पहिल्या वर्षाच्या पोरांनी इथून फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री काढायचीये. तेव्हा "बरोबर" किंवा "चूक" काहीच न म्हणता विचारा, "बरं, डीकेए धरू. मग छाती क्लिअर असताना हा एवढा जोरात श्वास का घेतोय?" आता मात्र कुणीतरी ॲसिडकडे येतं, कुणी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याकडे येतं, कुणी ठामपणे चुकीचं सांगतं, आणि ते चुकीचंही बोर्डावर लिहू द्या, कारण तिसऱ्या-चौथ्या पायरीत हेच करायचं असतं, आधीचं माहीत असलेलं सगळं बाहेर काढायचं आणि मग ते जुळवून बघायचं.

दुसरी चूक म्हणजे मिनी लेक्चर, आणि ही आपल्याच विषयाची केस असली की हमखास होते. बायोकेमिस्ट्रीवाल्या मॅडमना कीटोन बॉडीज दिसल्या की राहवत नाही, "फक्त पाच मिनिटं सांगते" म्हणत खडू हातात येतो तो वीस मिनिटं सुटत नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो. बोलणं पोरगा-ट्यूटर-दुसरा पोरगा-परत ट्यूटर असं तुमच्यातूनच फिरत असेल तर ते लेक्चर आहे. प्रश्न तुमच्याकडे आला तर मान खाली घालून केसच्या कागदाकडे बघा किंवा सरळ समोरच्या मुलीला विचारा, "तुला पटतंय का हा म्हणतोय ते?" खडूही पोरांपैकीच एकाच्या हातात द्या.

याच्या उलटं करणारेही आहेत. "पीबीएलमध्ये ट्यूटरने बोलायचं नसतं" असं कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये ऐकलेलं, त्यामुळे हे मोबाईल बघत बसतात आणि ग्रुप पाऊण तास इन्सुलिनच्या ब्रँडवर गप्पा मारतो. ट्यूटरने माहिती द्यायची नाही, पण विचार कुठे अडलाय ते बघून तिथे टोचायचं. या केसमध्ये ती जागा पोटॅशियमची आहे. पोरं ५.८ बघतात, "वाढलंय" लिहितात आणि पुढे सरकतात. तिथे थांबवा आणि म्हणा, "वाढलंय ना? मग इन्सुलिन सुरू केल्यावर काही तासांतच डॉक्टर सलाईनमधून पोटॅशियम द्यायला का लागतात?" शांतता पसरेल, ती मोडू नका. उत्तर असं की इन्सुलिन नसल्याने पोटॅशियम पेशींतून बाहेर रक्तात आलंय आणि त्याच वेळी लघवीतून भरपूर गेलंय, म्हणजे शरीरात कमीच आहे, इन्सुलिन मिळालं की उरलेलं परत पेशीत घुसतं आणि रक्तातलं धाडकन खाली येतं. पण हे तुम्ही सांगायचं नाही, हे त्यांनी घरी जाऊन शोधायचं.

आणि शोधायला नेताना प्रश्न नीट नेतायत का ते बघा. बोर्डावर "डायबेटिस वाचणे" असं लिहिलं असेल तर पाचवी पायरी, म्हणजे काय शिकायचं ते ठरवणं, फसली. "इन्सुलिन नसेल तर फॅटपासून कीटोन कसे बनतात" हा खरा लर्निंग ऑब्जेक्टिव्ह.

दुसऱ्या सेशनला नेहमीचा घोळ असा की पोरांनी विषय वाटून घेतलेले असतात, तू कीटोन, मी पोटॅशियम, आणि प्रत्येकजण सहा स्लाइड वाचून दाखवतो. हे सेमिनार झालं. सगळे ऑब्जेक्टिव्ह सगळ्यांनी वाचायचे, वेगवेगळ्या पुस्तकांतून वाचले तर उत्तम. सेशनला वह्या बंद करायला लावा आणि पहिल्या दिवशीच्या बोर्डाचा फोटो समोर ठेवून विचारा, यातलं आपलं काय चुकलं होतं? पोटॅशियमचं समजावायला ज्याने तो भाग सोडून बाकी सगळं मन लावून वाचलंय त्याला उभं करा, लगेच कळेल वाटणी झालीये की नाही.

एवढं करूनही एक अडचण ट्यूटरच्या हातात नसते. टर्मिनल परीक्षेत "शॉर्ट नोट: कीटोन बॉडीज" हाच प्रश्न येणार असेल तर पोरं गाईडच उघडणार. निदान इंटर्नल असेसमेंटच्या पेपरमध्ये तरी असाच एखादा पेशंट देऊन "का" विचारायला एचओडींना पटवा.